उन्हातली स्क्रीन आणि निट्सचा हिशेब

पुण्यातला लक्ष्मी रस्ता ढोबळमानाने पूर्व-पश्चिम धावतो. त्यामुळे त्याच्या एका बाजूच्या दुकानांची तोंडे दक्षिणेकडे आहेत, तर दुसऱ्या बाजूच्यांची उत्तरेकडे. अशाच दिशेच्या, पण जरा अधिक रुंद रस्त्यावर साड्यांची दोन दुकाने समोरासमोर आहेत असे समजू. डिसेंबरातली दुपार आहे, साडेबारा वाजले आहेत. दक्षिणमुखी दुकानाच्या काचेवर स्वच्छ ऊन पडले आहे. उत्तरमुखी दुकानाच्या काचेला वर्षातला बहुतेक काळ ऊन शिवतही नाही. दोघांनीही शोकेसमध्ये ५५ इंची स्क्रीन लावायची ठरवली आहे. जास्त निट्सची, म्हणजे अधिक तेजस्वी, स्क्रीन कोणाला घ्यावी लागेल?

बहुतेक जण दक्षिणेकडे बोट दाखवतील. विक्रेतेही तसेच सांगतात : ऊन असेल तर अडीच हजार निट्सची घ्या, सावली असेल तर सातशेची चालेल. पण हिशेब मांडून पाहिला तर उत्तर उलटे येऊ शकते. स्क्रीनवरचे वाचता येणे हे तिच्यावर किती ऊन पडते यापेक्षा तिच्यासमोरची काच रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला काय दाखवते यावर जास्त अवलंबून असते.

हिशेबासाठी दोन एकके पुरेशी आहेत. एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात आणि एखाद्या पृष्ठभागावरून डोळ्याकडे किती उजेड येतो ते निट्समध्ये. एक निट म्हणजे चौरस मीटरला एक कँडेला. दुकानात साधारण ५०० लक्स असतात, लख्ख दिवसाच्या मोकळ्या सावलीत दहा-वीस हजार आणि भर उन्हात लाखाच्या आसपास. घरातल्या साध्या टीव्हीचा पांढरा रंग अडीचशे ते चारशे निट्सचा असतो. दुकानांच्या आतल्या भिंतींवरच्या जाहिरातींसाठी पाचशे-सातशे निट्सच्या स्क्रीन मिळतात, तर काचेतून रस्त्याकडे तोंड करून लावायच्या स्क्रीन अडीच ते चार हजारांच्या.

लक्स आणि निट्स यांना जोडणारा एक सोपा आडाखा आहे. पांढऱ्या कागदावर जितके लक्स पडतात त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके निट्स तो कागद परत देतो. दहा हजार लक्सच्या सावलीत ठेवलेला कागद म्हणजे अडीच हजार निट्स, आणि उन्हातला कागद म्हणजे पंचवीस हजार. म्हणूनच अडीच हजार निट्सची स्क्रीन लख्ख सावलीत कागदासारखी पांढरीशुभ्र दिसते. भर उन्हात कागदाची बरोबरी करणारी शोकेसची स्क्रीन मात्र बाजारात नाही. तिथे तिने वाचता यावे एवढीच अपेक्षा ठेवता येते.

आता काचेकडे वळू. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग समोरून आलेल्या उजेडातला सुमारे चार टक्के परत पाठवतो. तावदानाला दोन बाजू असतात, म्हणजे आठ टक्के. आठ टक्के किरकोळ वाटतात, पण कशाचे आठ टक्के हे पाहावे लागते. उत्तरमुखी दुकानासमोरची इमारत दक्षिणमुखी आहे आणि डिसेंबरातल्या उन्हात न्हाली आहे. पुण्यात या दिवसांत माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या उभ्या भिंतीवर साठ-सत्तर हजार लक्स पडतात. त्या भिंतीचा फिकट क्रीम रंग त्यातला निम्मा उजेड परत पाठवतो असे धरले, तर भिंत दहा हजार निट्सनी चमकते. काच तिचे आठ टक्के, म्हणजे आठशे निट्स, ग्राहकाच्या डोळ्यात टाकते. स्क्रीनचा स्वतःचा पृष्ठभाग जे परावर्तित करतो त्याचे आणखी शंभरेक निट्स. हा नऊशे निट्सचा आगंतुक उजेड स्क्रीनच्या प्रत्येक भागावर सारखाच चढतो. पांढऱ्यावर चढतो तेव्हा फारसे बिघडत नाही, पण काळ्यावर चढला की काळा राखाडी होतो.

वाचता येणे हे पांढऱ्या आणि काळ्या भागांच्या उजेडाच्या प्रमाणावर ठरते. प्रमाण तिनास एक असेल तर मोठी अक्षरे कशीबशी वाचता येतात, पाचास एक असेल तर मजकूर आरामात वाचता येतो, आणि साडीची जर किंवा काठ खुलून दिसायला दहास एकच्या आसपास जावे लागते. डिस्प्लेच्या धंद्यात वर्षानुवर्षे वापरात असलेला हा ठोकताळा आहे. उत्तरमुखी दुकानात सातशे निट्सची स्क्रीन लावली, तर काचेतून तिचे सहाशेच्या आसपास बाहेर येतात. पांढऱ्या भागातून सहाशे अधिक नऊशे, काळ्यातून नुसते नऊशे. प्रमाण पावणेदोनाच्याही खाली. म्हणजे ग्राहकाला काचेत समोरची इमारत दिसेल आणि तिच्या आत कुठेतरी साडी असल्याचा भास होईल. अडीच हजार निट्सची लावली तर प्रमाण साडेतीनापर्यंत येते. पाचास एक गाठायला चार हजार लागतात. आणि हे सगळे सावलीतल्या दुकानात!

समोरच्या दक्षिणमुखी दुकानाचा हिशेब वेगळा निघतो. त्याच्यासमोरची भिंत सावलीत आहे, तिचे तेज हजार-दीड हजार निट्स, म्हणून काचेतून परत येणारा उजेड शंभर-सव्वाशे निट्सचाच. ऊन काचेतून आत येऊन स्क्रीनवर पडते, पण तिचा काळसर पृष्ठभाग त्यातला दीडेक टक्काच चहूकडे पसरवतो. त्याचे अडीचशे निट्स होतात. एकूण साडेतीनशे-चारशे. इथे अडीच हजार निट्सची स्क्रीन सहा-सातास एक असे प्रमाण देते, म्हणजे उत्तरमुखी दुकानाच्या जवळपास दुप्पट. अट एकच, काच स्वच्छ हवी. उन्हात धुळीचा प्रत्येक कण उजळतो आणि रस्त्याकाठच्या काचेवर दोन दिवसांत बसणारी धूळ आणखी दोनशे निट्स सहज चढवते. सावलीतल्या काचेवर तीच धूळ फारशी जाणवत नाही.

उत्तरमुखी दुकानदाराला चार हजार निट्स परवडत नसतील तर त्याच्यापुढे दोन वाटा आहेत, आणि दोन्ही निट्स विकत घेण्याच्या आधी तपासायला हव्यात.

पहिली वाट उंचीची, आणि ती फुकट आहे. दुकानदाराला स्क्रीन वर लावावीशी वाटते, म्हणजे खाली पुतळे मांडता येतात. पण स्क्रीनचा मध्य जमिनीपासून अडीच मीटरवर असेल आणि ग्राहक काचेपासून दोन मीटरवर उभा असेल, तर त्याची नजर वर चढते आणि परावर्तनातही वरचेच दिसते. पंधरा मीटरवरच्या समोरच्या इमारतीचा तो भाग जमिनीपासून दहा मीटरवर येतो. म्हणजे वरचे मजले, उन्हातली भिंत, कुठे कुठे थेट आकाश. स्क्रीनचा मध्य दीड मीटरवर, म्हणजे नजरेच्या पातळीत आणला की त्याच काचेत समोरचे तळमजल्याचे दुकान दिसू लागते, तेही छज्ज्याच्या किंवा ताडपत्रीच्या सावलीतले. आगंतुक उजेड नऊशेवरून दोन-तीनशेवर येऊ शकतो. एक रुपया खर्च न करता मिळणारी ही सुधारणा महागड्या स्क्रीनइतकी मोलाची आहे, आणि शोकेसचा आराखडा काढतानाच तिचा विचार करायला हवा. स्क्रीन खाली झुकवण्याने मात्र शोकेसमध्ये फारसे साधत नाही. झुकते ती स्क्रीन, पुढची काच उभीच राहते.

दुसरी वाट काचेची. दोन्ही बाजूंना परावर्तनरोधक लेप असलेली काच आठऐवजी एक-दीड टक्का उजेड परत पाठवते. संग्रहालयांतल्या आणि सराफांच्या कपाटांना अशी काच वापरतात. आपल्या उदाहरणात ती बसवली तर भिंतीचे आठशे निट्स दीडशेवर येतात आणि एकूण आगंतुक उजेड अडीचशेच्या थोडा पुढे राहतो. मग सातशे निट्सची साधी स्क्रीनही साडेतीनास एक असे प्रमाण देते. साध्या काचेमागे हेच प्रमाण मिळवायला अडीच हजार निट्स लागले होते. अशी काच महाग असते, तिच्यावर बोटांचे ठसे उठून दिसतात, आणि ती फक्त स्क्रीनसमोर न बसवता पूर्ण तावदानाला बसवावी लागते. तरीही दोन्हींची किंमत शेजारी ठेवून पाहावी. कारण निट्सचे बिल दर महिन्याला येते, काचेचे एकदाच.

एक उलटी चूक सर्रास होते. ऊन लागते म्हणून काचेवर गडद फिल्म चिकटवतात आणि तिच्याच मागे स्क्रीन लावतात. निम्मा उजेड अडवणारी फिल्म स्क्रीनचाही निम्मा उजेड अडवते, अडीच हजारांचे साडेबाराशे होतात. काचेच्या बाहेरच्या बाजूचे परावर्तन मात्र जसेच्या तसे राहते. फिल्म आरशासारखी चकाकणारी असेल तर ते वाढते. ज्या भागात स्क्रीन आहे तेवढी फिल्म कापून काढणे हाच उपाय.

परावर्तन प्रत्यक्ष पाहायची साधी रीत आहे. स्क्रीन जिथे येणार तिथे, काचेच्या आत, तेवढ्याच मापाचा काळा कार्डशीट लावावा. मग रस्त्यावर ग्राहक जिथे उभा राहील तिथून सकाळी दहाला, दुपारी साडेबाराला आणि संध्याकाळी साडेचारला मोबाइलने फोटो काढावेत. काळ्यावर जे काही दिसते, इमारत, आकाश, उभ्या गाडीची चकाकणारी काच, तो सगळा स्क्रीनला हरवायचा उजेड आहे. फोटो समोरून काढावा तसा तिरकसही काढावा. पदपथावरून चालत येणारा माणूस शोकेस आधी तिरकीच पाहतो. साठ अंशांच्या तिरपेपणात तावदानाचे परावर्तन जवळपास दुप्पट होते आणि त्याच वेळी एलसीडी स्क्रीनचे तेज बरेच उतरते. गर्दीच्या रस्त्यावर हे विसरून चालत नाही.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानाची गोष्ट आणखी बिकट. पुण्यातले बाजीराव आणि शिवाजी हे दोन्ही रस्ते उत्तर-दक्षिण जातात, त्यामुळे तिथल्या अनेक दुकानांना संध्याकाळचे ऊन समोरून येते. मे महिन्यात पावणेपाचच्या सुमारास सूर्य तीसेक अंशांवर असतो. मीटरभर पुढे आलेला छज्जा तेव्हा आपल्याखाली जेमतेम दोन फूट सावली देतो, आणि स्क्रीन त्याच्याही खाली असते. दक्षिणमुखी दुकानाला डिसेंबरात तोच छज्जा साडेतीन फुटांपर्यंत सावली देतो. पश्चिमेला छज्ज्यावर विसंबू नये, वरून खाली सरकणारा पडदा किंवा कनात हवी.

ज्यांच्या स्क्रीनवर थेट ऊन पडते त्यांचा खरा शत्रू उष्णता आहे. ५५ इंची स्क्रीनचे क्षेत्रफळ सुमारे ०.८३ चौरस मीटर. त्यावर काचेतून येणारे ऊन चारशे वॅटच्या आसपास उष्णता ओतते. अडीच हजार निट्सची स्क्रीन स्वतः साधारण तीनशे वॅट खाते आणि त्यातली बहुतेक उष्णताच होते, कारण एलसीडीच्या थरांतून मागच्या दिव्यांचा जेमतेम पाच-सात टक्के उजेड बाहेर पडतो. म्हणजे बंद शोकेसमध्ये सातशे वॅटचा हीटर ठेवल्यासारखे झाले. साध्या पॅनेलमधला द्रवस्फटिक सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास आपली रचना सोडतो आणि स्क्रीनवर काळा डाग उमटतो. तो दुपारी येतो, संध्याकाळी जातो. म्हणून तक्रार केली तर मेकॅनिक सकाळी येऊन ‘सगळे ठीक आहे’ म्हणून जातो. हा डाग पुन्हा पुन्हा पडू दिला तर पॅनेल पिवळे पडते आणि मग ते भरून येत नाही. उन्हासाठी बनवलेल्या पॅनेलमध्ये ही मर्यादा ११० अंशांपर्यंत नेलेली असते. विक्रेत्याला ‘हाय-टीएनआय पॅनेल आहे का’ असे विचारावे. त्याला प्रश्न समजला नाही, तर ती स्क्रीन उन्हात लावू नये.

दुसरे लक्षण अधिक फसवे आहे. चांगल्या स्क्रीन आतले तापमान वाढले की स्वतःला वाचवण्यासाठी दिव्यांचे तेज आपोआप उतरवतात. ज्या तासाला अडीच हजार निट्स हवे असतात त्याच तासाला हजार-बाराशे मिळतात. दुपारी चित्र फिके पडते आणि आत पंखा फिरवल्यावर सुधारते, असे दिसले तर निट्स कमी नाहीत, हवा कमी आहे असे समजावे. शोकेसला खाली आणि वर जाळीची फट ठेवावी आणि स्क्रीनच्या मागे हात जाईल एवढी जागा.

अंधार पडला की उलटे करावे लागते. रात्री अडीच हजार निट्स डोळ्यांत घुसतात आणि साडीचा रंगही धुऊन काढतात. तेव्हा तीनशे ते पाचशे पुरतात. यासाठी स्क्रीनला उजेड ओळखणारा सेन्सर असतो, पण दसरा-दिवाळीत त्याच्यावर तोरण लटकले की तो अंधार समजून भर दुपारी तेज उतरवतो. सेन्सर नेमका कुठे आहे हे दुकानातल्या प्रत्येकाला माहीत हवे. तेज दिवसभर पूर्ण ठेवले तर बारा तासांत साडेतीन युनिटच्या आसपास वीज जाते, आणि दिव्यांचे आयुष्यही तितके लवकर सरते.

उघड्यावरच्या काउंटरची, म्हणजे रसवंती, आइस्क्रीम किंवा वडापावच्या गाडीवरच्या पंधरा इंची टच स्क्रीनची, तऱ्हा वेगळी. तिथे तावदान नसते, पण ग्राहक दीड-दोन फुटांवर उभा असतो आणि स्क्रीनमध्ये तोच परावर्तित होतो. उन्हात उभ्या माणसाचा पांढरा सदरा वीस हजार निट्सनी चमकतो. टच काच आणि पॅनेल यांच्यामध्ये हवेची फट असेल, तर काचेची पुढची बाजू, मागची बाजू आणि पॅनेल असे तीन पृष्ठभाग मिळून सुमारे बारा टक्के परावर्तन करतात. म्हणजे सदऱ्याचेच चोवीसशे निट्स. फट पारदर्शक चिकट थराने भरून टाकली, याला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात, तर पुढचा एकच पृष्ठभाग उरतो आणि तेच आठशेवर येतात. म्हणून काउंटरसाठी बाँडिंग केलेली हजार निट्सची स्क्रीन बिनबाँडिंगच्या दोन हजारवालीपेक्षा चांगली वाचता येते. तिच्यावर परावर्तनरोधक लेपही असेल तर उत्तमच. ग्राहक सावलीत उभा राहील एवढी शेड पुढे काढली, तर हिशेब आणखी हलका होतो. काउंटरवर स्क्रीन मागे कलती ठेवतात, तेव्हा तिच्यात आकाश दिसते की शेडचे छत हेही पाहावे. छत दिसेल असा कोन ठेवावा आणि ते छत आतून गडद रंगवावे.

पैसे घेण्याचा क्यूआर कोड मात्र उन्हातल्या काउंटरवर छापलेलाच ठेवावा. छापील कार्डावर ऊन पडले की ते अधिक स्पष्ट होते, स्क्रीनवर पडले की मोबाइलचा कॅमेरा अडखळतो. आणि स्क्रीन उभी लावणार असाल तर पोलराइज्ड गॉगल घालून ती एकदा पाहावी. काही पॅनेल आडवी ठेवल्यावर ठीक दिसतात, पण उभी केली की अशा गॉगलमधून पूर्ण काळी दिसतात. दुपारी तसा गॉगल घालणारे ग्राहक बरेच असतात.

स्क्रीनवर काय दाखवायचे यातही निट्स वाचतात. परावर्तन गडद भागात दिसते. काळ्या पार्श्वभूमीवरची सोनेरी अक्षरे रात्री देखणी असतात, दुपारी त्याच काळ्या भागात समोरची बस दिसते. दिवसासाठी फिकट पार्श्वभूमी आणि ठसठशीत गडद अक्षरे, रात्रीसाठी वेगळी जाहिरात, अशा दोन संचांना वेगळा खर्च नाही.

शेवटी खरेदी. टीव्हीच्या खोक्यावर ‘हजार निट्स’ लिहिलेले असतात ते बहुधा स्क्रीनच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या पांढऱ्या चौकोनाचे, काही क्षणांपुरते असतात. पूर्ण स्क्रीन पांढरी केली की ते बरेच खाली येतात. माहितीपत्रकातला आकडा कधी नुसत्या पॅनेलचा असतो, पुढची टच काच बसवण्याआधीचा. म्हणून पूर्ण पांढऱ्या स्क्रीनवर, काचेसकट, सलग चालू असताना किती निट्स, हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावे. स्वस्तातला लक्समीटर जवळ असेल तर पडताळाही घेता येतो. पूर्ण पांढऱ्या स्क्रीनला मीटरचा सेन्सर टेकवून आलेल्या आकड्याला तीनने भागले की निट्सचा ढोबळ अंदाज मिळतो. अडीच हजारांच्या स्क्रीनवर सात हजारांच्या आसपास लक्स दिसायला हवेत. तिथे तीन-चार हजारच दिसले तर विचारपूस करावी.

आणि पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला डेमो स्क्रीन घेऊन तुमच्याच काचेमागे, तुमच्या सगळ्यात वाईट तासाला, निदान दोन तास लावायला सांगा. शोरूममधल्या पाचशे लक्सच्या उजेडात सातशे निट्स आणि अडीच हजार निट्स दोन्ही झगझगीतच दिसतात.